शंभर माणसांचं कोटेशन

‘जानेवारीत सुमारे शंभर माणसांची दोन दिवसांची कॉन्फरन्स करायची आहे, बेस्ट रेट कळवा.’ हॉटेलच्या बँक्वेट सेल्सकडे असे मेल रोज येतात आणि त्यांना उत्तरही त्याच मापाचं जातं. हॉलचे फोटो, मेन्यूची पीडीएफ, खाली ‘दर अमुकपासून पुढे, कर वेगळे’ अशी एक ओळ. मागणाऱ्याला वाटतं कोटेशन आलं. तशी तीन आली की तो ती एक्सेलमध्ये मांडतो, सगळ्यात लहान आकड्याभोवती गोल काढतो आणि साहेबांकडे सहीला पाठवतो. कार्यक्रम झाल्यावर जे बिल येतं त्याचा त्या गोलातल्या आकड्याशी दूरचाच संबंध असतो. यात हॉटेलने फसवलेलं असतंच असं नाही. जे विचारलं नव्हतं त्याचा दर त्यांनी दिला नव्हता, इतकंच.

दरपत्रक कसं मागावं हे एका उदाहरणावरून पाहू. पिंपरी-चिंचवडची एक कंपनी शेतीचे पंप बनवते. उन्हाळ्याचा हंगाम सुरू होण्याआधी तिला राज्यभरातल्या विक्रेत्यांचा मेळावा लोणावळ्यात भरवायचा आहे. दोन दिवस, एक मुक्काम. नवीन पंप दाखवायचे, योजना सांगायच्या, संध्याकाळी बक्षिसं आणि जेवण. आमंत्रणं नव्वद, त्यांतले ऐंशी येतील असा विक्री खात्याचा अंदाज आहे. कंपनीची माणसं सोळा. म्हणजे शहाण्णव. तोंडी बोलताना याचंच ‘सुमारे शंभर’ होतं आणि घोळ इथूनच सुरू होतो.

हॉटेलला एक आकडा पुरत नाही, कारण हॉलमध्ये बसणारी, जेवणारी आणि झोपणारी माणसं ही तीन वेगळी मोजणी आहे. आपल्या उदाहरणात हॉलमध्ये शहाण्णव आहेत. पण मुंबई-पुण्याचे आठ विक्रेते रात्रीचं जेवण करून घरी जाणार, म्हणजे मुक्कामाला अठ्ठ्याऐंशी. दोघांना एक खोली म्हटलं तर चव्वेचाळीस खोल्या, असं कुणीही सांगेल. प्रत्यक्षात तसं होत नाही. मुक्कामी विक्रेत्यांत सहासष्ट पुरुष आणि सहा महिला आहेत, म्हणून तेहतीस आणि तीन अशा छत्तीस खोल्या. कंपनीच्या सोळांपैकी एमडी आणि विक्रीप्रमुख स्वतंत्र खोलीत, त्या दोन. उरलेल्या चौदांत अकरा पुरुष आणि तीन महिला. दोन्ही आकडे विषम, म्हणून पुरुषांना सहा आणि महिलांना दोन खोल्या. बेरीज शेहेचाळीस, त्यांतल्या चार खोल्यांत एकेकच माणूस. चव्वेचाळीस सांगून गेलात तर त्या दोन खोल्या आयत्या वेळी मागाव्या लागतात, आणि आयत्या वेळी मिळणारी खोली त्या दिवशीच्या चढ्या दराने मिळते. मिळाली तर.

आता गडचिरोली, नांदेड, जळगावकडच्या माणसांचा विचार करा. कार्यक्रम सकाळी दहाला असेल तर त्यांतले बारा जण आदल्या रात्रीच येतील, म्हणजे आदल्या रात्रीच्या सहा खोल्या. काही जण रात्रभर प्रवास करून सकाळी सातला दारात उभे राहतील. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला. चाळीस माणसं बॅगा घेऊन लॉबीत बसली आहेत आणि रिसेप्शनवरची मुलगी ‘सर, रूम रेडी नाहीत’ म्हणते आहे, हा प्रसंग डीलर मीटमध्ये हमखास घडतो. त्यावर उपाय स्वस्त आहे, पण तो आधी लिहून मागावा लागतो: अंघोळ करून कपडे बदलण्यासाठी सकाळी सात ते दहा चार खोल्या, आणि सामान ठेवायला एक कुलपाची जागा. पत्रात लिहिलं तर बरीच हॉटेलं हे पॅकेजात बसवून देतात. त्याच सकाळी मागितलं तर अर्ध्या दिवसाचं भाडं लागतं.

आणखी एक मोजणी कुणाच्याच यादीत नसते. फोटोग्राफर, साउंडची मुलं, बसचे ड्रायव्हर. आपल्याकडे असे आठ जण धरू. ते जेवणार आहेत, काही झोपणारही आहेत. विचारलं नाही तर त्यांचं जेवण बफेच्या पूर्ण दराने लागतं. विचारलं तर बहुतेक हॉटेलांत त्यांच्यासाठी साधी थाळी आणि ड्रायव्हरांना डॉर्मिटरी निघते.

माणसांनंतर तारीख. दर ठरतो तो हॉलच्या झुंबरावर नाही, तारखेवर. हॉटेलच्या दृष्टीने तुमचा मेळावा म्हणजे त्या दोन दिवसांत दुसरं काय विकता आलं असतं याच्याशी तुलना आहे. लोणावळ्यात शनिवार-रविवारी खोल्या पर्यटकांनीच भरतात, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. त्या दिवशी शेहेचाळीस खोल्या कंपनीच्या दराने द्यायला कोण तयार होईल? हॉलचं गणित मुहूर्तांवर चालतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की मुहूर्ताच्या तारखेला हॉल आधीच गेलेला असतो. आपल्या पंपवाल्यांना जानेवारी हवा आहे. नववर्षाची गर्दी ओसरलेली आणि संक्रांत अजून यायची, असा मधला आठवडा, त्यातही मंगळवार-बुधवार. धनुर्मासामुळे लग्नं कमी, सुट्ट्या संपलेल्या. सेल्सवाल्याला हे दिवस रिकामे दिसत असतात. तेवढ्या एका गोष्टीने दर जितका खाली येतो तितका अर्धा तास घासाघीस करूनही येत नाही.

म्हणून पत्रात एक तारीख देऊ नका. पहिली पसंती, दुसरी पसंती आणि ‘याच आठवड्यात एक दिवस पुढे-मागे चालेल’ असं लिहा. प्रत्येक पर्यायाचा दर वेगळा मागा. पण पाठवण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. निवडलेल्या मंगळवारी संकष्टी असेल तर ती अंगारकी. मग विक्रेत्यांपैकी बरेच जण दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर असतील आणि रात्री नऊच्या आसपास चंद्रोदय झाल्याशिवाय पानावर बसणार नाहीत. आठला ठेवलेलं जेवण आणि त्याआधीचं कॉकटेल दोन्ही वाया जातात. एकादशीचं तेच. बाहेरगावचा इव्हेंट मॅनेजर हे पाहत नाही, आपण पाहायचं. दारू ठेवायची असेल तर ड्राय डेही तपासा. २ ऑक्टोबर सगळ्यांना आठवतो, पण निवडणुकीच्या मतदानाआधीची बंदी कुणाच्या लक्षात नसते.

आता हॉल. हॉटेलच्या माहितीपत्रकात ‘क्षमता १५०’ असं लिहिलेलं असतं. ही क्षमता जवळजवळ नेहमी थिएटर पद्धतीची असते, म्हणजे नाटकाला मांडतात तशा नुसत्या खुर्च्यांच्या रांगा. त्यात माणसाला साधारण दहा चौरस फूट धरतात. दीडशेचा हॉल म्हणजे अंदाजे पंधराशे चौरस फूट. आपल्याला गोल टेबलं हवी आहेत, कारण विक्रेत्यांना कॅटलॉग उघडून लिहायचं आहे आणि आपसांत बोलायचं आहे. स्टेजकडे कुणाची पाठ होऊ नये म्हणून टेबलाच्या एकाच बाजूने सहा खुर्च्या लावायच्या. शहाण्णव जणांना सोळा टेबलं. अशा मांडणीत माणसामागे पंधरा चौरस फुटांच्या आसपास जागा जाते, म्हणजे टेबलांनाच साडेचौदाशे. स्टेज, पडदा, साउंडचं टेबल आणि पंप मांडायची जागा अजून यायची आहे. दोन हजार चौरस फुटांच्या खाली आपलं काम होत नाही. ‘क्षमता १५०’ वाचून शहाण्णव माणसांना हॉल ऐसपैस होईल असं ज्याला वाटलं, त्याच्या वेटरला टेबलांच्या मधून ट्रे डोक्यावर धरून जावं लागतं.

त्यामुळे पत्रात ‘शंभर माणसांचा हॉल’ न लिहिता मांडणी लिहा आणि हॉलचं मोजमाप मागा: लांबी, रुंदी, छताची उंची, मध्ये खांब आहेत का. छत नऊ फुटांचं असेल तर स्टेजवर मोठी एलईडी वॉल बसतच नाही. आणि मागच्या टेबलांसमोर खांब आला तर तिथे बसलेला विक्रेता दुपारनंतर परत येत नाही.

आपल्याकडे पंप आहेत, म्हणून आणखी तीन प्रश्न. सामान हॉलपर्यंत कुठून येणार, मालवाहू लिफ्ट आहे का, तिच्या दाराची रुंदी किती? थ्री-फेज वीज हॉलमध्ये मिळेल का आणि तिचे पैसे वेगळे का? पाण्याची टाकी ठेवून पंप चालवून दाखवायचा असेल तर गालिच्याच्या हॉलमध्ये त्याला परवानगी आहे का? ‘हॉलमध्ये छोटा डेमो आहे’ एवढंच कळवलं तर समोरचा माणूस लॅपटॉपवरचा डेमो समजतो, आणि टेम्पो दारात आला की सिक्युरिटी तो अडवते.

हॉलच्या बाबतीत सगळ्यांत जास्त सुटणारी गोष्ट म्हणजे ताबा. कार्यक्रम दहाला, म्हणून लोक हॉल नऊपासून मागतात. पण एलईडी वॉल उभी करायला, तारा टाकायला, बॅनर लावायला, माइक तपासायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे हॉल आदल्या रात्रीपासून हवा. आदल्या रात्री तिथे दुसऱ्याचं रिसेप्शन असेल तर तो रिकामा व्हायला मध्यरात्र उलटते. म्हणून सरळ विचारा: आदल्या दिवशी हॉल बुक आहे का, आम्हाला ताबा किती वाजता, त्या तासांचं भाडं किती? पहिल्या दिवशी सहाला सत्र संपल्यावर रात्री तोच हॉल हॉटेल दुसऱ्याला देणार का, हेही विचारा. दिला तर दुसऱ्या दिवशीसाठी सगळं पुन्हा उभारावं लागेल आणि उभारणाऱ्यांची मजुरी दुप्पट होईल.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याकडे सगळे आपणहून लक्ष देतात. शाकाहारी किती, मांसाहारी किती, जैन किती हे आकडे द्या. प्रत्येक जेवणाची वेळ आणि जागा लिहा. रात्रीचं जेवण लॉनवर आणि सोबत गाणी असतील तर ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, बंद हॉलमध्ये चालतो. म्हणून बक्षीस समारंभ लॉनवर साडेआठला सुरू करू नये. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायची तर पीपीएल, आयपीआरएस यांसारख्या संस्थांचा परवाना लागतो. तो हॉटेल काढणार की आपण, आणि पैसे कुणाचे, हे कोटेशनमध्ये यायला हवं. दारू बाहेरून आणायची असली तर परवाना आणि बाटली उघडण्याचा आकार यांचंही तेच.

एवढं जमवलं की पत्र आपोआप तयार होतं. व्यवहारात ते इंग्रजीत जातं, पण मजकूर असा असावा:

‘पंप विक्रेत्यांचा वार्षिक मेळावा, दोन दिवस एक रात्र. पहिली पसंती जानेवारीचा दुसरा आठवडा, मंगळ-बुध. दुसरी पसंती त्याच आठवड्यात बुध-गुरु. दोन्हींचे दर स्वतंत्र द्यावेत.

हॉलमध्ये ९६, गोल टेबलं, प्रत्येकी सहा, एका बाजूने. ताबा आदल्या रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत सलग. थ्री-फेज वीज, मालवाहू लिफ्ट, बाहेरचा एलईडीवाला. या तिन्हींचे आकार असल्यास लिहावेत.

खोल्या: आदल्या रात्री ६. मुख्य रात्री ४६, त्यांतल्या ४२ दोघांच्या, ४ एकट्याच्या. सकाळी सात ते दहा अंघोळीसाठी ४.

पहिला दिवस: नाश्ता, जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, प्रत्येकी ९६. दुसरा दिवस: नाश्ता, चहा, जेवण, प्रत्येकी ८८. क्रू आणि ड्रायव्हर ८, साधं जेवण.

दर करांशिवाय आणि करांसहित, दोन्ही द्यावेत. खोली, जेवण आणि हॉल यांची फोड द्यावी. किमान हमीचा आकडा, तो कमी करायची शेवटची तारीख, आगाऊ रक्कम आणि रद्द करण्याच्या अटी लिहाव्यात. आमचा निर्णय अमुक तारखेला होईल, तोपर्यंत तारीख राखून ठेवता येईल का, कळवावं.’

अर्ध्या पानाचा मजकूर. वाचणाऱ्या सेल्स मॅनेजरला त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, चौकशी खरी आहे. हवेतल्या चौकशीत एकट्याच्या चार खोल्या नसतात. दोन, तुम्ही हॉलसोबत खोल्याही घेताय. हे त्याच्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण खोल्यांवर सुटणारा नफा जेवणावर सुटत नाही आणि नुसता हॉल अडवणारा गट त्याला नको असतो. शेहेचाळीस खोल्या, तीन जेवणं, दोन दिवस हॉल असं एकत्र चित्र दिसलं की तो हॉलचं भाडं पॅकेजात विरघळवायला तयार होतो.

बजेट सांगावं का? खरेदी खात्यातल्या जुन्या माणसांना ते पत्ते उघडे करणं वाटतं. माझं मत उलटं आहे. माणशी सहा ते आठ हजारांच्या पट्ट्यात बसवायचं आहे एवढं सांगावं. बारा हजारांचं हॉटेल मग तुमचा आणि स्वतःचा वेळ घालवत नाही, आणि सात हजारांचं हॉटेल मेन्यूतली एक डिश कमी करून पट्ट्यात बसवून दाखवतं.

पत्र तीन-चार ठिकाणीच पाठवा. आणि एका हॉटेलला एकाच वाटेने. तुम्ही थेट विचारलं आणि तुमच्याच इव्हेंट कंपनीनेही त्याच मेळाव्यासाठी विचारलं, तर हॉटेल पहिली आलेली चौकशी नोंदवतं. ती इव्हेंट कंपनीची असेल तर तिचं कमिशन दरात धरलेलं असतं आणि नंतर तुम्हाला थेट कमी दर देणं त्यांना अवघड जातं.

आता उत्तरं आली. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, लोणावळ्याचा बाजारभाव म्हणून वाचू नका. पहिलं हॉटेल म्हणतं, दोघांच्या खोलीत माणशी ७,०००, एकट्याच्या खोलीत १०,०००, फक्त दिवसभर येणाऱ्यास ३,०००. दुसरं म्हणतं ७,६००, १०,५०० आणि ३,२००. दोन्ही करांशिवाय. पहिलं स्वस्त, असा निकाल इथेच लागतो आणि फाइल बंद होते. आपण बेरीज पुढे नेऊ. पहिल्यात चौऱ्याऐंशी जणांचे ५,८८,०००, चार एकट्यांचे ४०,०००, दिवसभराच्या आठांचे २४,०००. झाले ६,५२,०००. आदल्या रात्रीच्या सहा खोल्या ७,००० प्रमाणे ४२,०००. तळटीपेत आणखी आहे: आदल्या रात्रीचा ताबा ४०,०००, प्रोजेक्टर आणि माइक १५,०००, बाहेरच्या एलईडीवाल्याला वीज २०,०००. एकूण ७,६९,०००. दुसऱ्यात माणशी हिशेब ७,०६,०००चा, आदल्या रात्रीच्या खोल्या ६,५०० प्रमाणे ३९,०००, बाकी सगळं पॅकेजात. एकूण ७,४५,०००. माणशी सहाशे रुपयांनी महाग दिसणारं हॉटेल चोवीस हजारांनी स्वस्त पडलं. पत्रात ताबा आणि वीज विचारली नसती तर त्या तळटीपा कोटेशनमध्ये आल्या नसत्या, बिलात आल्या असत्या.

मग किमान हमी. स्वयंपाकघर धान्य-भाजी आधी भरतं, म्हणून हॉटेल एक आकडा पक्का मागतं. त्याहून कमी आले तरी तेवढ्यांचे पैसे, जास्त आले तर जास्तीचे. पहिल्या हॉटेलने शहाण्णवची पूर्ण हमी मागितली. दुसऱ्याने सात दिवस आधीपर्यंत दहा टक्के कमी करायची मुभा दिली. विक्रेत्यांच्या मेळाव्यात गळती होतेच. कुणाकडे लग्न, कुणाकडे ऊसतोड. दोघांच्या खोल्यांतले आठ जण आठवडाभर आधी गळाले तर दुसऱ्याकडे ६०,८०० रुपये वाचतात, पहिल्याकडे न आलेल्यांचे ५६,००० भरावे लागतात. म्हणून हमी नेहमी अंदाजापेक्षा खाली द्या, नव्वद वगैरे, आणि ‘हमीच्या वर पाच-सात टक्के माणसांची तयारी ठेवू’ असं हॉटेलकडून लिहून घ्या. जेवणाची हमी आणि खोल्यांची हमी वेगळ्या असतात, दोन्हींच्या तारखाही वेगळ्या. खोल्यांची तारीख बरीच आधीची असते, कारण सोडलेली खोली त्यांना पुन्हा विकायची असते.

कर हा शेवटचा घाट. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं दिवसाचं मूल्य साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी पाच टक्के आहे, पण त्यावर हॉटेलला इनपुट क्रेडिट मिळत नाही. त्याच्या वर अठरा टक्के. मूल्य माणशी नाही, खोलीमागे मोजतात, हे लक्षात ठेवा. पॅकेजात दोन माणसांचे मिळून १५,२०० असले तरी त्यात जेवण आणि हॉल मिसळलेला आहे. खोलीचा वाटा किती धरला आहे यावर कर बदलतो. म्हणून पत्रात फोड मागितली. महागड्या हॉटेलांत जेवणावरही अठरा टक्के लागतो, आणि जेवणावरच्या कराचं क्रेडिट कंपनीला सहसा मिळत नाही. म्हणजे तो खर्चच धरायचा. तुमच्या सीएला फोड दाखवा, बेरीज नको.

मेळावा गोव्याला न्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच विचारून घ्या. हॉटेलच्या खोलीची आणि हॉलची सेवा कायद्याने हॉटेल जिथे आहे तिथली धरतात. गोव्यातलं हॉटेल केंद्राचा आणि गोवा राज्याचा जीएसटी लावतं. पुण्याच्या कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. लोणावळ्यात तो प्रश्न येत नाही. गोव्याचा दर लोणावळ्याएवढा आला तरी दोन्ही कोटेशनं सारखी नसतात, ती यामुळे.

निर्णयाआधी एकदा जाऊन या. सेल्सवाला सोबत असताना हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर बसा, मोबाइलवर बोलून पाहा, टाळी वाजवून आवाज किती घुमतो ऐका, बस वळेल का ते ड्रायव्हरला विचारा. शक्य झालं तर दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम चालू असतानाच जा. रिकामा हॉल सगळीकडे चांगलाच दिसतो. आवडलं तर जे तोंडी ठरेल ते मेलवर मागून घ्या. हॉटेलमध्ये आतल्या कामासाठी एफपी नावाचा कागद निघतो, फंक्शन प्रॉस्पेक्टस. स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, इलेक्ट्रिशियन सगळे तोच वाचून काम करतात. सेल्सवाल्याशी झालेला तुमचा मेल त्यांनी पाहिलेला नसतो. कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी त्या एफपीची प्रत मागा आणि पत्राशी ओळीने ओळ ताडून पाहा. सकाळच्या त्या चार खोल्या आणि थ्री-फेज वीज त्यात आहे का, एवढं तरी नक्की बघा. बिल कुणाच्या नावाने आणि कोणत्या जीएसटी नंबरवर काढायचं तेही तिथेच लिहून द्या. चुकीच्या नावाचं बिल महिनाअखेरीनंतर दुरुस्त करून घेणं हा वेगळाच उद्योग आहे.

आणि एक विनंती. ज्या हॉटेलांना तुम्ही नाकारलंत त्यांना त्याच दिवशी एका ओळीचा मेल पाठवा. त्यांनी तुमच्या भरवशावर मंगळवार-बुधवार राखून ठेवलेला असतो, आणि पुढच्या जानेवारीत तुम्ही पुन्हा त्याच तीन-चार माणसांना दर विचारणार आहात.